वाढत्या गावाची वाहतूक कोंडी आणि तिची कॉजल लूप आकृती: हिंजवडीच्या उदाहरणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागरिकांच्या बैठकांमध्ये कोंडीची आकृती काढायला बसलं की पुढचे प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तरांसाठी एकच जागा धरली आहे, ती म्हणजे वाकडच्या पुलापासून हिंजवडीच्या फेज तीनपर्यंतचा सकाळचा रस्ता. पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यातली शेती करणारी गावं आणि त्यांच्या शिवारात एमआयडीसीने वसवलेलं राजीव गांधी इन्फोटेक पार्क, असं हे वाढतं गाव. आकृतीतली जवळजवळ सगळी चक्रं इथे डोळ्यांना दिसतात.

कॉजल लूप आकृती म्हणजे नक्की काय? कारणांची यादी केली तर नाही का भागत?

यादीत प्रत्येक कारण सुटं असतं: अरुंद रस्ता, जास्त गाड्या, कमी बस, बेशिस्त. पण यातली काही कारणं एकमेकांना जन्म देतात आणि काही तर कोंडीतूनच निर्माण होतात. बस कमी म्हणून गाड्या जास्त, आणि गाड्या जास्त म्हणून बस कमी, हे यादीत मांडताच येत नाही. आकृतीत या गोष्टी बाणांनी जोडतात. बाणांवरून चालत जाऊन आपण निघालो तिथेच परत आलो की एक चक्र, म्हणजे लूप, तयार होतं. एमआयटीत जे फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकात सिस्टिम डायनॅमिक्स ही विद्याशाखा उभी केली. ही आकृती त्याच घराण्यातली.

बाणावरचं + आणि − म्हणजे चांगलं आणि वाईट का?

नाही, आणि पहिल्या बैठकीत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. + म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच दिशेने जातात: रस्त्यावरच्या गाड्या वाढल्या की प्रवासाचा वेळ वाढतो, कमी झाल्या की कमी होतो. − म्हणजे उलट दिशेने: प्रवासाचा वेळ वाढला की गाडी काढण्याचा उत्साह कमी होतो. बाकी सगळं जसंच्या तसं राहिलं तर, ही अट प्रत्येक बाणाला लागू असते. साठ्याच्या, म्हणजे शहरातल्या एकूण गाड्यांसारख्या साचत जाणाऱ्या गोष्टीच्या बाबतीत या नियमाला एक मुरड घालावी लागते, ती शेवटाकडे ‘गाड्यांची विक्री’ या प्रश्नात पाहा.

आकृतीच्या मध्यभागी ‘कोंडी’ असं लिहिलं तर चालेल का?

चालेल, पण तासाभरात भांडण होईल. एकाच्या मनात कोंडी म्हणजे गाड्यांची रांग, दुसऱ्याच्या मनात सिग्नलला गेलेली वीस मिनिटं, तिसऱ्याच्या मनात हॉर्न. म्हणून जे मोजता येतं ते लिहा. आम्ही ‘सकाळी नऊला वाकड पूल ते फेज तीन गाडीने लागणारा वेळ’ असं लिहितो आणि पुढे त्याला नुसतं ‘प्रवासाचा वेळ’ म्हणतो.

नाव देताना त्यात दिशा घालू नका. ‘वाढती कोंडी’ किंवा ‘बसची कमतरता’ असं लिहिलं की + आणि − लावताना डोकं गरगरतं, कारण ‘कमतरता कमी झाली’ अशी वाक्यं करावी लागतात. ‘बसच्या खेपा’ एवढंच लिहा. वाढणं आणि घटणं बाणाला सांगू द्या.

चक्र वाढवणारं की तोल साधणारं, हे कसं ओळखायचं?

चक्रातले − मोजायचे. ते सम असतील (शून्यही समच) तर चक्र वाढवणारं, विषम असतील तर तोल साधणारं. वाढवणाऱ्या चक्रात एखादी गोष्ट थोडी हलली की फिरून येताना ती त्याच दिशेने आणखी ढकलली जाते. आपण ज्याला दुष्टचक्र म्हणतो ते हेच, फक्त ते चांगल्या दिशेनेही फिरू शकतं. तोल साधणाऱ्या चक्रात फिरून येणारा धक्का उलटा असतो, त्यामुळे गोष्ट कुठल्यातरी पातळीपाशी येऊन ठरते. खाली मी वाढवणाऱ्यांना ‘वा’ आणि तोल साधणाऱ्यांना ‘तो’ म्हणते.

मोजून झाल्यावर एकदा गोष्ट सांगून पाहा. एका गोष्टीपासून सुरुवात करा, ती वाढली असं धरा, आणि मोठ्याने बोलत चक्राला फेरी मारा. मोजणी आणि गोष्ट जुळली नाही तर कुठलातरी बाण चुकलेला असतो.

हिंजवडीसाठी सुरुवात कुठून करायची?

ज्या चक्राबद्दल कोणाचंच दुमत नसतं तिथून, म्हणजे रस्ता रुंद करण्याच्या मागणीपासून.

```
तो१
प्रवासाचा वेळ →(+) तक्रारींचा दबाव →(+) रस्त्याची कामं
→(+, विलंब) रस्त्याची क्षमता →(−) प्रवासाचा वेळ
```

एकच −, म्हणून तोल साधणारं. कोंडी झाली, लोक ओरडले, रस्ता किंवा पूल झाला, वेळ कमी झाला. अधिकाऱ्यांच्या आणि आपल्याही डोक्यात हेच एक चक्र असतं, आणि ते खोटं नाही. पुण्यातला चांदणी चौक आठवा: जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला पाडला आणि नवे उड्डाणपूल ऑगस्ट २०२३ मध्ये खुले झाले. तिथे क्षमता खरंच वाढली.

आता या चक्राला दुसरं जोडा. प्रवासाचा वेळ कमी झाला की माणसं काय करतात?

```
तो२
प्रवासाचा वेळ →(−) गाडीने जाण्याची सोय →(+) गाडीने जाणारे
→(+) रस्त्यावरच्या गाड्या →(+) प्रवासाचा वेळ
```

कंपनीच्या बसने जाणारा शेजारी स्वतःची गाडी काढतो. कोंडी टाळायला सात वाजता निघणारी मुलगी पुन्हा साडेआठला निघते. सूस गावावरून आडवाटेने जाणारे मुख्य रस्त्यावर परततात. यातला एकही माणूस चुकीचं वागत नाही. अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६२ साली हेच मांडलं होतं: गर्दीच्या वेळी मोकळी झालेली जागा वेगळ्या वेळेचे, वेगळ्या रस्त्याचे आणि वेगळ्या वाहनाचे प्रवासी येऊन भरून काढतात.

तिसरं चक्र फिरायला वर्षं लागतात.

```
तो३
प्रवासाचा वेळ →(−) लांब घर घेण्याची तयारी →(+, मोठा विलंब) दूरची वस्ती
→(+) गाडीने कापलेलं अंतर →(+) प्रवासाचा वेळ
```

‘हिंजवडीपासून पंधरा मिनिटांवर’ असे फलक रस्ता झाल्यावर ताम्हिणीच्या दिशेलाही दिसू लागतात. फ्लॅट विकले जातात, चार वर्षांनी ताबा मिळतो आणि ती सगळी कुटुंबं एकाच चौकातून यायला लागतात.

म्हणजे रस्ता रुंद केल्यावर कोंडी परत येणं हे दुष्टचक्रच ना?

नाही. हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. तो२ आणि तो३ मधले − मोजा: प्रत्येकी एक. दोन्ही तोल साधणारी चक्रं आहेत. ती कोंडी बेफाम वाढवत नाहीत. लोक जेवढा वेळ सोसायला तयार आहेत त्या पातळीला ती कोंडी परत आणून ठेवतात. म्हणूनच पूल झाल्यावर सुटका टिकत नाही, आणि म्हणूनच पूल नसतानाही रस्ता कायमचा ठप्प होत नाही. लोक वेळ बदलतात, घरून काम मागून घेतात, नोकरी बदलतात.

यातून व्यवहाराची गोष्ट निघते. तो१ ‘क्षमता’ ढकलत राहतं, पण प्रवासाचा वेळ शेवटी कुठे ठरणार हे लोकांच्या सोसण्याच्या पातळीवर आणि त्यांच्याजवळच्या दुसऱ्या पर्यायावर अवलंबून असतं. पर्याय सुधारला नाही तर कितीही मार्गिका वाढवल्या तरी वेळ तिथेच येऊन बसतो, फक्त जास्त गाड्यांसह. जिल डुरँटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थतज्ज्ञांच्या २०११ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या शहरांत महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढली, साधारण त्याच प्रमाणात गाड्यांनी कापलेलं अंतरही वाढलेलं दिसलं.

मग खरं दुष्टचक्र कुठे आहे?

बसमध्ये. आणि एक नाही, दोन.

```
वा१
गाडीने जाणारे →(−) बसचे प्रवासी →(+) तिकिटाचं उत्पन्न
→(+) बसच्या खेपा →(+) बसची सोय →(−) गाडीने जाणारे
```

दोन −, म्हणून वाढवणारं. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी २००७ मध्ये एक होऊन पीएमपीएमएल झाली. तिकिटातून खर्च निघत नाही आणि उरलेली तूट दोन्ही महापालिका भरतात. ही तूट भरण्याची सोय आकृतीत वेगळ्या बाणाने दाखवायला हवी, कारण तीच या चक्राला सावरून धरते. मदत वेळेवर आली तर चक्र हळू फिरतं, अडली तर वेगाने.

दुसरं चक्र मला जास्त बोचतं, कारण त्यात बसचा काहीच दोष नसतो.

```
वा२
रस्त्यावरच्या गाड्या →(+) प्रवासाचा वेळ →(+) बसच्या फेरीचा वेळ
→(−) बसच्या खेपा →(+) बसची सोय →(−) गाडीने जाणारे
→(+) रस्त्यावरच्या गाड्या
```

हे आकड्यांत करून पाहू. समजा ‘हिंजवडी माण फेज ३’ अशी पाटी लावलेल्या मार्गावर दहा बस आहेत आणि जाऊन-येऊन एका फेरीला १०० मिनिटं लागतात. मग थांब्यावर दर दहा मिनिटांनी बस येते. कोंडीमुळे फेरी १५० मिनिटांची झाली. बस तेवढ्याच, चालक-वाहक तेवढेच, डिझेल उलट जास्त, आणि तरी आता बस दर पंधरा मिनिटांनी. आठ तासांच्या पाळीत चालकाच्या पूर्ण चार फेऱ्या व्हायच्या, त्या तीनवर आल्या. पगार तोच, तिकिटं कमी. जुनी सेवा टिकवायची तर दहाच्या पंधरा बस लागतील. प्रत्यक्षात हाल याहून वाईट होतात, कारण कोंडीत बस एकमेकींना गाठतात: अर्धा तास काहीच नाही आणि मग एकामागे एक तीन. पहिली खचाखच, तिसरी रिकामी. थांब्यावर तो अर्धा तास उभा राहिलेला माणूस पुढच्या पगाराला दुचाकीचा हप्ता सुरू करतो. तो गेला की रस्त्यावर आणखी एक वाहन, आणि बसच्या फेरीला आणखी थोडा वेळ.

हेच चक्र उलटं फिरवता येतं. बसला स्वतंत्र मार्गिका दिली तर ‘प्रवासाचा वेळ’ ते ‘बसच्या फेरीचा वेळ’ हा एक बाण तुटतो आणि अख्खं वा२ थांबतं. पुण्याने डिसेंबर २००६ मध्ये कात्रज ते हडपसर मार्गावर बीआरटीचा प्रयोग याचसाठी सुरू केला होता. मार्गिकेत खासगी गाड्या घुसल्या की बाण पुन्हा जोडला जातो. म्हणून मार्गिका आखणं आणि ती मोकळी ठेवणं या आकृतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विलंबाची खूण का काढायची? उशीर तर सगळ्यालाच होतो.

कारण चक्रं कुठल्या क्रमाने जाणवतात ते विलंब ठरवतो. पूल खुला झाल्याचा फायदा पहिल्याच सोमवारी दिसतो. तो२ भरायला काही महिने लागतात, तो३ ला काही वर्षं. त्यामुळे उद्घाटनाच्या वेळी काढलेले फोटो खरे असतात आणि पाच वर्षांनंतरची कोंडीही खरी असते, पण दोन्हींमधला बाण कोणाला दिसत नाही. आकृतीत बाणावर दोन आडव्या रेघा मारून विलंब दाखवतात. शेजारी अंदाजे काळ लिहिलात तर आणखी चांगलं.

बांधकामाच्या काळाचाही विचार करा. काम सुरू असताना क्षमता आधी घटते. पुणे विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी २०२० मध्ये पाडला, आणि तिथून जाणाऱ्यांनी पुढची वर्षं बॅरिकेडमधून काढली. तो१ मधला एकच बाण आधी उलटा आणि मग सुलटा चालतो. असे दोन बाण सरळ वेगळे काढावेत.

मेट्रो आली की आकृतीत काय बदलतं?

हिंजवडी ते शिवाजीनगर ही तीन क्रमांकाची मार्गिका सुमारे २३ किलोमीटरची आहे. मेट्रो रस्त्यावरच्या गाड्यांत अडकत नाही, म्हणून वा२ सारखं चक्र तिला लागू होत नाही. हा तिचा खरा फायदा. वा१ मात्र तिलाही लागू आहे: प्रवासी, उत्पन्न, खेपा.

‘मेट्रोमुळे रस्ता मोकळा होईल’ असं मात्र तो२ म्हणू देत नाही. जेवढे लोक गाडी सोडतील, त्यांच्या मोकळ्या जागेत दुसरे येतील. पण प्रवासाचा वेळ जिथे ठरतो ती पातळी बदलते. दारापासून ऑफिसच्या टेबलापर्यंत मेट्रोने ५० मिनिटं लागत असतील, तर गाडीने ८० मिनिटं सोसणारे कमी होतात. म्हणून इथे महत्त्वाचा बाण स्टेशन ते ऑफिस असा आहे. फेज तीनमध्ये उतरून उन्हात, फूटपाथ नसलेल्या रस्त्याने दीड किलोमीटर चालायचं असेल तर त्या ५० मिनिटांचे ७० होतात, आणि पातळी परत वर जाते.

लोकसंख्या आणि नोकऱ्या वाढल्या हेच मूळ कारण नाही का? चक्रं कशाला?

वाढ हे कारण आहेच. आकृतीत ती बाहेरून येणारा बाण म्हणून दाखवतात, किंवा तिचंही चक्र काढतात: कंपन्या आल्या की कुशल माणसं येतात, माणसं आहेत म्हणून आणखी कंपन्या येतात. हे वाढवणारं चक्र आहे (वा३). प्रवासाचा वेळ फार वाढला की जागेचं आकर्षण घटतं आणि काही कंपन्या दुसरीकडे बघतात, हे त्याला आवरणारं तोल साधणारं चक्र (तो४).

पण नुसत्या वाढीने एक गोष्ट समजत नाही. तेवढीच माणसं बसने आली तर किती रस्ता लागतो आणि एकेका गाडीत एकेक आली तर किती? तो फरक वा१ आणि वा२ ठरवतात.

लॉकडाऊनमध्ये कोंडी नव्हती. त्यातून आकृतीबद्दल काही कळतं का?

थोडं कळतं. मार्च २०२० मध्ये ‘ऑफिसला येणारे’ हा बाहेरचा आकडा एकदम खाली आला आणि रस्ता तोच असून प्रवासाचा वेळ कोसळला. म्हणजे तो बाण दमदार आहे. पण त्या काळात वा१ उलट्या कारणाने जोरात फिरलं: गर्दीच्या भीतीने बसचे प्रवासीही गेले. ऑफिसं उघडली तेव्हा अनेकांकडे वाहन होतं आणि बसची सवय नव्हती. घरून काम करण्याची मुभा हा म्हणूनच खरा उपाय आहे, पण आठवड्यातले तेच तीन दिवस सगळ्या कंपन्यांनी ऑफिससाठी ठरवले तर मंगळवारी काहीच वाचत नाही.

गाड्यांची विक्री घटली तर + च्या नियमाने रस्त्यावरच्या गाड्याही घटायला हव्यात. तसं होत नाही. मग नियम चुकीचा?

नियमाची इथे मर्यादा दिसते. ‘गाड्यांची विक्री’ हा प्रवाह आहे आणि ‘शहरातल्या गाड्या’ हा साठा. टाकीत येणारा नळ बारीक केला तरी पाणी वाढतच राहतं, फक्त सावकाश. म्हणून अशा बाणाचा + असा वाचायचा: विक्री जास्त असेल तर गाड्या एरवी असत्या त्यापेक्षा जास्त होतील, कमी असेल तर एरवीपेक्षा कमी. कॉजल लूप आकृती साठा आणि प्रवाह वेगळे दाखवत नाही, ही तिची मोठी उणीव. जिथे हे गोंधळाचं ठरतं तिथे आम्ही साठ्याभोवती चौकोन काढतो.

एकाच बाणावर काही जण + म्हणतात, काही − म्हणतात. कोणाचं खरं?

बहुतेक वेळा दोघांचं, कारण मधली पायरी गाळलेली असते. एका बैठकीत ‘पार्किंग’ ते ‘प्रवासाचा वेळ’ या बाणावर अर्धा तास गेला. एक काका म्हणाले, पार्किंग वाढलं की रस्त्याकडेच्या गाड्या आत जातील आणि वेळ कमी होईल. एक ताई म्हणाल्या, पार्किंग मिळतंय म्हटल्यावर मी गाडीच आणीन. आम्ही बाण फोडून दोन वाटा काढल्या. एक ‘रस्त्याकडेला उभ्या गाड्या’ या मार्गे, एक ‘गाडीने जाण्याची सोय’ या मार्गे. पहिलीत निव्वळ परिणाम −, दुसरीत +. कोणती वाट भारी पडते हे त्या रस्त्यावर मोजूनच कळेल.

आकृती बरोबर आहे हे तपासायचं कसं? आणि ती ‘किती’ ते सांगते का?

‘किती’ सांगत नाही. कुठलं चक्र केव्हा वरचढ होईल हेही नुसत्या चित्रावरून ठरत नाही. त्यासाठी साठे, प्रवाह आणि आकडे घालून मॉडेल चालवावं लागतं. Vensim सारख्या संगणक प्रणालीत ते करता येतं, पण आधी कागद आणि खोडरबर पुरे.

तपासायला प्रत्येक बाणासाठी एक प्रश्न विचारा: हा बाण खोटा असता तर मला काय दिसलं असतं? वा२ साठी आम्ही एका थांब्यावर सलग पाच दिवस सकाळी आठ ते दहा बसच्या वेळा वहीत टिपल्या, आणि त्याच वेळी एक जण वाकड पूल ते फेज तीन गाडीने जाऊन मिनिटं मोजत होता. ज्या दिवशी गाडीचा वेळ वाढला त्या दिवशी दोन बसमधलं अंतर वाढलं नसतं, तर बाण खोडावा लागला असता. बुधवारी पाऊस होता. गाडीला नेहमीपेक्षा पंचवीस मिनिटं जास्त लागली आणि वहीत ८:४० नंतरची पुढची नोंद थेट ९:२२ ची आहे, दोन बस पाठोपाठ.